टीबीच्या गोळ्यांनी लघवी केशरी होते हे माहीत होतं, पण आता रात्रीही कोऱ्या चहासारखी दिसते

मुग्धा_लालबाग (शनिवार, दुपारी ३:४०)

बाबांबद्दल विचारायचं आहे. वय ५८, वजन ५१ किलो. फुप्फुसाचा टीबी निघाला आणि डॉट्स केंद्रातून गोळ्या सुरू झाल्या, आता पाचवा आठवडा चालू आहे. रोज सकाळी ७ वाजता रिकाम्या पोटी चार गोळ्या एकदम घेतात. पहिल्याच दिवशी लघवी केशरी झाली होती, पण आरोग्यसेविकांनी आधीच सांगून ठेवलं होतं म्हणून आम्ही घाबरलो नाही.

गेल्या तीन दिवसांत मात्र रंग वेगळाच दिसतोय. केशरीपणा जाऊन तपकिरी आलाय, कोऱ्या चहासारखा. आमचं संडास-बाथरूम घरातच आहे म्हणून लक्षात आलं, जुन्या खोलीत सार्वजनिक संडास होता, तिथे कुणाला कळलंही नसतं. आईचं म्हणणं ही ऑक्टोबरची उन्हाळी आहे, बाबा दिवसभर दुकानात उभे असतात आणि पाणी पीत नाहीत. शिवाय रक्त वाढावं म्हणून ती बीटची कोशिंबीर देते, या आठवड्यात दोनदा झाली. बाबांची भूक कमी झालीये, थोडी मळमळ आहे, ताप नाही. डॉट्स केंद्र आता सोमवारी उघडेल. तोपर्यंत थांबावं का?

प्रसाद_डोंबिवली (दुपारी ४:०५)

ताई, अजिबात घाबरू नका. मी सहा महिन्यांचा कोर्स पूर्ण केलाय. हा रिफाम्पिसिनचा रंग. माझी लघवी केशरी, घाम केशरी, पांढऱ्या शर्टाच्या काखेत डाग, डोळ्यांतल्या पाण्यालासुद्धा रंग. कॉन्टॅक्ट लेन्स होत्या त्या कायमच्या रंगल्या, टाकून द्याव्या लागल्या. मळमळही सगळ्यांना होते, रिकाम्या पोटी गोळ्या घेतल्यावर होणारच. मुख्य गोष्ट म्हणजे गोळ्या बंद करू नका. मध्येच सोडल्या तर टीबी औषधांना दाद देईनासा होतो. आमच्या शेजारच्या मुलाचं तेच झालं.

अनघा_गिरगाव (दुपारी ४:२०)

बीटचं मी सांगते. मागच्या वर्षी जिमच्या नादात रोज बीट-गाजराचा रस प्यायचे. एका सकाळी कमोडमध्ये गुलाबी-लाल पाणी बघून हातपाय गार पडले. तशीच धावत डॉक्टरांकडे गेले. लघवीत रक्तपेशी एकही नव्हती, रस बंद केल्यावर दुसऱ्या दिवशी सगळं स्वच्छ. डॉक्टरांनी हिमोग्लोबिन बघायला सांगितलं, ते निघालं ९. अंगात लोह कमी असेल तर बीटचा रंग लघवीत जास्त उतरतो म्हणे. पण माझा रंग गुलाबीच होता हं, तपकिरी नव्हता.

विनूकाका_दहिसर (दुपारी ४:३२)

ही उन्हाळीच. लघवीला जळजळ होते का ते बघा. रात्री धने-जिरे भिजत घालून सकाळी ते पाणी द्या, सब्जा द्या, शहाळं द्या. दोन दिवसांत साफ होईल. जळजळ राहिली तर लघवीचं कल्चर करा, मला प्रोस्टेटमुळे इन्फेक्शन झालं होतं तेव्हा कल्चरमध्येच कळलं.

मुग्धा_लालबाग (दुपारी ४:४०)

काका, जळजळ अजिबात नाही. फक्त रंग.

सुनेत्रा_पॅथलॅब (दुपारी ५:०२)

मुग्धा, मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, डॉक्टर नाही. पण असे नमुने रोज हातात येतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

प्रसाद म्हणतायत तो रंग खरा आहे, पण त्या रंगाला वेळापत्रक असतं. रिफाम्पिसिन गोळी घेतल्यावर दोन-चार तासांत लघवीत दिसतं. सकाळी ७ ला गोळ्या घेतल्या तर सकाळी १०-११ ची लघवी सगळ्यात केशरी. दुपारनंतर तो रंग उतरत जातो, आणि रात्री झोपताना किंवा पहाटे, दुसऱ्या दिवशीच्या गोळ्यांच्या आधी, तो जवळजवळ गेलेला असतो. म्हणून मला तू लिहिलेल्या बाकी गोष्टींपेक्षा शीर्षकातला ‘रात्रीही’ हा शब्द जास्त खटकला. गोळी घेऊन चौदा-पंधरा तास झाल्यावर लघवी सकाळइतकीच किंवा जास्त गडद असेल, तर तो रंग गोळीचा नाही, दुसरं काहीतरी आहे.

उन्हाळ्यात पाणी कमी पडलं तर लघवी गडद पिवळी, अगदी अंबरसारखी होते हे बरोबर. पण मग दोन-तीन ग्लास पाणी प्यायल्यावर पुढच्या एक-दोन वेळांत ती फिकट होते. काविळीत लघवीत उतरणारा पित्ताचा रंग असेल तर पाण्याने थोडी पातळ होते, तपकिरी झाक जात नाही.

आता तीन गोष्टी बघ. एक, बाबांना खिडकीपाशी उजेडात उभं करून खाली बघायला सांग, वरची पापणी हलकेच वर उचल आणि पांढऱ्या भागाचा वरचा पट्टा बघ. ट्यूबलाइटखाली बघू नकोस, आणि आता संध्याकाळ व्हायच्या आत बघ. दोन, शौचाचा रंग नेहमीचा आहे की मातकट-पांढरा. तीन, अंगाला खाज सुटते का. आणि गोळ्यांखेरीज ते काय काय घेतात तेही लिही, दारू, काढे, दुखण्याच्या गोळ्या, सगळं.

प्रसाद_डोंबिवली (दुपारी ५:१५)

सुनेत्राताई, बाटलीत धरून हलवायची एक पद्धत असते ना? फेस पिवळा आला तर कावीळ, पांढरा आला तर नाही. ती सोपी आहे.

सुनेत्रा_पॅथलॅब (दुपारी ५:२४)

एरवी त्याचा उपयोग होतो. साध्या लघवीचा फेस पांढराच येतो, कितीही गडद असली तरी. बिलिरुबिन, म्हणजे पित्तातला पिवळा रंग, असेल तर फेसालाही पिवळी झाक येते. पण रिफाम्पिसिन चालू असलेल्या माणसाच्या फेसालाही रंग चढतो, म्हणून इथे मी फेसावर भरवसा ठेवणार नाही. पट्टीचंही तेच. लघवीची पट्टी बुडवून बिलिरुबिनचा चौकोन वाचतो, त्या चौकोनाला केशरी लघवीचा आपलाच रंग लागतो आणि वाचणाऱ्याला पॉझिटिव्ह वाटतं. उलटही होतं. नमुना उजेडात तासन्‌तास राहिला तर बिलिरुबिन फुटतं आणि पट्टी निगेटिव्ह येते. आमच्याकडे लोक सकाळचा नमुना पिशवीतून उन्हातान्हात हिंडवून दुपारी आणून देतात, अशा नमुन्यावर काय सांगणार?

त्यामुळे टीबीच्या गोळ्या घेणाऱ्याच्या बाबतीत निकाल रक्त देतं. एलएफटी म्हणजे यकृताची तपासणी, त्यातही एसजीपीटी हे यकृताचं एन्झाइम आणि बिलिरुबिन. लघवी करायचीच असेल तर पहाटेची, गोळ्या घ्यायच्या आधीची, आणि लॅबला तासाभरात पोहोचेल अशी.

मुग्धा_लालबाग (दुपारी ५:५०)

बघितलं. खिडकीत धरून बघितल्यावर डोळ्यांचा वरचा भाग पिवळट वाटला. आईला वाटत नाही, मला वाटतं. शौचाचा रंग नेहमीसारखा आहे म्हणतात. खाज नाही. दारू नाही, तंबाखू पूर्वी खायचे. आई गेले पंधरा-वीस दिवस गुळवेलीचा काढा देत होती, ताकद यावी म्हणून. ताप नाही पण परवा एकदा उलटी झाली होती, ती मी आधी लिहिली नव्हती कारण बाबा म्हणाले वडापावाने झाली.

पाणीही दुपारपासून चार ग्लास प्यायला लावलं. रंग तोच.

सुनेत्रा_पॅथलॅब (संध्याकाळी ६:०१)

मग सोमवारपर्यंत थांबू नकोस. आजच महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत घेऊन जा. टीबीचं कार्ड, गोळ्यांची पाकिटं आणि काढ्याची बाटली बरोबर ने. त्यांना एका वाक्यात सांग, ‘टीबीच्या गोळ्यांचा पाचवा आठवडा, तीन दिवस लघवी तपकिरी, मळमळ, एक उलटी, डोळे पिवळट.’ एवढं सांगितलंस की ते पुढचं विचारतील.

कारण असं आहे. सुरुवातीच्या दोन महिन्यांच्या चार औषधांपैकी आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन आणि पायराझिनामाइड ही तिन्ही यकृताला त्रास देऊ शकतात. इथॅम्ब्युटॉल सहसा देत नाही. हा त्रास बहुतेक वेळा पहिल्या दोन महिन्यांत दिसतो. एसजीपीटी थोडं वाढणं अनेकांत होतं आणि आपोआप उतरतं, त्यासाठी कोणी गोळ्या थांबवत नाही. पण भूक जाणं, उलटी, आणि लघवी गडद होणं ही एकत्र आली की चित्र बदलतं. डोळे स्पष्ट पिवळे दिसायला रक्तातलं बिलिरुबिन साधारण अडीच-तीनच्या वर जावं लागतं, लघवी त्याआधीच रंग दाखवते. म्हणून आईला डोळे ठीक वाटले तरी ते पुरेसं नाही.

आणि बाबांना गुंगी येत असेल, बोलण्यात असंबद्धपणा आला, किंवा नाकातून-हिरड्यांतून रक्त आलं, तर वाटेत थांबू नका, टॅक्सी करा.

प्रसाद_डोंबिवली (संध्याकाळी ६:१२)

पण उद्या सकाळच्या गोळ्या? मी अजूनही म्हणतो स्वतःच्या मनाने बंद करू नका. एकेक डोस चुकवत गेलेली माणसं मी बघितली आहेत.

सुनेत्रा_पॅथलॅब (संध्याकाळी ६:२०)

प्रसाद, एरवी मीही हेच सांगते. रंगाला घाबरून, तोंडाला चव नाही म्हणून, बरं वाटतंय म्हणून गोळ्या सोडू नयेत. पण कावीळीची चिन्हं दिसत असताना त्याच गोळ्या आणखी घेणं हा दुसरा धोका आहे. अशा वेळी पुढचा डोस थांबवून ताबडतोब डॉक्टरांना दाखवायचं असंच सांगितलं जातं. बाबांच्या बाबतीत पुढचा डोस उद्या सकाळी ७ ला आहे. त्याच्या आत डॉक्टरने बघितलं तर हा निर्णय आपल्याला घ्यावाच लागत नाही, म्हणून आजच जा म्हणते.

प्रसाद_डोंबिवली (संध्याकाळी ६:२६)

आज जाणार असतील तर माझं काही म्हणणं नाही. पण हे वाचून दुसरं कोणी घरबसल्या गोळ्या बंद करेल, ती भीती मला आहेच.

नितीन_ठाणे (संध्याकाळी ७:१०)

माझ्या मामांचं लिहितो, टीबीचा संबंध नाही. वय ६४. लघवी गडद, सगळ्या अंगाला खाज, आणि शौच पांढुरकं, पोटीनसारखं. पोटात दुखत नव्हतं म्हणून दोन महिने खाजेची मलमं चालली. शेवटी सोनोग्राफीत पित्तनळी फुगलेली दिसली, स्वादुपिंडाच्या तोंडाशी गाठ होती. म्हणून शौचाचा रंग विचारलेला बघून बरं वाटलं. आम्हाला कोणीच विचारलं नव्हतं.

सुनेत्रा_पॅथलॅब (संध्याकाळी ७:३२)

नितीन, वाईट वाटलं वाचून. शौचाला जो तपकिरी रंग असतो तो पित्तामुळेच. नळी खडा किंवा गाठ यांनी अडली की पित्त आतड्यात उतरत नाही, शौच फिकट पडतं, आणि तेच पित्त रक्तातून लघवीत येऊन ती गडद करतं. लघवी गडद आणि शौच फिकट अशी जोडी दिसली की सोनोग्राफी लवकर व्हायला हवी, दुखो वा न दुखो. मुग्धाच्या बाबांचं शौच नेहमीचं आहे, त्यामुळे अडथळ्यापेक्षा यकृताच्या पेशींवरच संशय जास्त जातो. अर्थात ते डॉक्टर ठरवतील.

सदाशिव_पेण (रात्री ८:०५)

आमच्याकडे काविळीची माळ घालतात. माळ डोक्यावरून गळ्यात उतरत जाते तशी कावीळ उतरते. माझ्या दोन्ही मुलांची उतरली आहे. रुग्णालयात सलाइन लावण्यापलीकडे काही करत नाहीत.

सुनेत्रा_पॅथलॅब (रात्री ८:२४)

सदाशिवराव, मुलांना होणारी पाण्यातून आलेली कावीळ बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपोआप उतरते, माळ घातली काय नि न घातली काय. इथे गोष्ट वेगळी आहे. रोज सकाळी ७ ला त्याच गोळ्या पोटात जात राहिल्या आणि त्यांनीच यकृत दुखावलं असेल, तर माळ गळ्यात असताना बिलिरुबिन चढत राहील. माळेचं तुम्ही घरी ठरवा, पण आजची रक्ततपासणी चुकवू नये.

मुग्धा_लालबाग (रविवार, सकाळी ११:१५)

काल रात्री ९ ला पोहोचलो, गर्दी होती, पण कार्ड दाखवल्यावर लगेच रक्त घेतलं. एकूण बिलिरुबिन ४.२, एसजीपीटी ४८६, त्यांच्या लॅबची मर्यादा ४० ची. आयएनआर १.२, तो ठीक आहे म्हणाले. रात्रभर ठेवून घेतलं. सकाळच्या टीबीच्या गोळ्या डॉक्टरांनी थांबवल्या, काढा तर लगेचच बंद. आज सोनोग्राफी झाली, पित्तनळी फुगलेली नाही. हिपॅटायटिस ए, बी, सी, ई चे नमुने गेलेत.

त्यांनी बीटचं विचारलं आणि लघवी सूक्ष्मदर्शकाखाली बघितली, रक्तपेशी नाहीत.

आई फार रडली काढ्यावरून. डॉक्टर म्हणाले गोळ्या की काढा की व्हायरस, हे आज सांगता येणार नाही.

सुनेत्रा_पॅथलॅब (सकाळी ११:४०)

फार बरं झालं गेलीस. ४८६ म्हणजे मर्यादेच्या बारा पट. त्रास जाणवत असेल तर तीन पटीला, आणि काहीच जाणवत नसेल तर पाच पटीला गोळ्या थांबवतात, म्हणजे त्यांनी थांबवल्या यात शंकेला जागा नाही. आयएनआर ठीक आहे ही चांगली खूण, यकृत अजून रक्त गोठवणारी प्रथिनं तयार करतंय.

आईंना सांग, हे त्यांनी प्रेमाने दिलं. गुळवेल निर्धोक आहे असं सगळीकडे सांगितलं जातं, त्यांना वेगळं कळणार कुठून. कोविडच्या काळात मुंबईतल्याच यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यावर यकृताला सूज आलेल्या रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली होती. तेव्हा कुठे चर्चा झाली, नंतर विसरली गेली.

अनघा_गिरगाव (दुपारी १२:३०)

गुळवेलीबद्दल मला हे एकांगी वाटतं. आमच्या घरी आजीपासून घेतात, कुणाला काही झालं नाही. गुळवेलीसारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीही विकल्या जातात ना?

सुनेत्रा_पॅथलॅब (दुपारी १२:५२)

हो, ओळखीची गफलत होते असं आयुर्वेदवाल्यांचं म्हणणं आहे आणि त्यावर वाद अजून चालू आहे. माझा मुद्दा तेवढाच, की टीबीच्या गोळ्या चालू असताना यकृतावर आधीच बोजा असतो, त्यात वर काहीही घालायचं तर डॉक्टरांना सांगून.

शैलेश_वरळी (दुपारी २:१०)

धाग्याचा विषय वेगळा आहे, तरी विचारतो. वय ४७, सिगारेट ओढतो. मागच्या महिन्यात एकदा लघवी लाल झाली, त्याच दिवशी बीट खाल्लं होतं. नंतर पुन्हा नाही. दुखलं नाही. हे बीटच धरायचं ना?

सुनेत्रा_पॅथलॅब (दुपारी २:३५)

शैलेश, कदाचित बीटच असेल. पण ‘कदाचित’वर सोडू नका. सगळ्यांच्या लघवीत बीटचा रंग उतरत नाही, दहा जणांत एखाद-दोघांच्याच उतरतो. याआधी बीट खाऊन कधी लाल झाली होती का? नसेल, तर संशय वाढतो. चाळिशीनंतर, त्यातून सिगारेट ओढणाऱ्याला, न दुखता एकदाच लाल लघवी झाली आणि थांबली, तरी दाखवायचं असतं. मूत्राशयातली गाठ अशीच एकदा रक्त दाखवून महिनोन्‌महिने गप्प बसते. आता तपासलेली लघवी स्वच्छ आली तरी त्या दिवसाचं उत्तर मिळत नाही, म्हणून मूत्रविकारतज्ज्ञांना प्रत्यक्ष भेटा आणि सिगारेटचं नक्की सांगा.

शैलेश_वरळी (दुपारी २:५०)

बीट मी लहानपणापासून खातो, कधी झाली नव्हती. ठीक आहे, वेळ घेतो.

मुग्धा_लालबाग (पुढच्या रविवारी, संध्याकाळी ६:३०)

बाबा घरी आले. बिलिरुबिन २.१, एसजीपीटी १९०. भूक परतली, काल दोन भाकऱ्या खाल्ल्या. लघवी आता फिकट पिवळी आहे, केशरीही नाही, कारण रिफाम्पिसिन बंद आहे. हिपॅटायटिसचे चारही रिपोर्ट निगेटिव्ह आले, म्हणजे व्हायरस नाही, पण गोळ्या की काढा हे अजून अर्धवटच.

टीबी उघडा राहू नये म्हणून तोवर यकृताला त्रास न देणारी दुसरी औषधं चालू केली आहेत. एसजीपीटी मर्यादेच्या दुपटीच्या खाली आलं की जुन्या गोळ्या एकेक करून परत सुरू करणार, प्रत्येक वेळी मध्ये रक्त तपासून. कुठली आधी, यावर वॉर्डातल्या दोन डॉक्टरांचंच एकमत नव्हतं. पायराझिनामाइड बहुधा परत देणार नाहीत, त्यामुळे कोर्स सहा महिन्यांवरून नऊवर जाईल असं म्हणाले.

प्रसाददादा, रिफाम्पिसिन परत सुरू झालं की लघवी पुन्हा केशरी होणार. तुमच्या वेळी ती रात्रीपर्यंत फिकट व्हायची का? कोणी पाळत ठेवून बघितलं असेल तर सांगा.

प्रसाद_डोंबिवली (संध्याकाळी ७:०४)

आता आठवून बघतो तर हो, सकाळी ऑफिसात गेल्यावर सगळ्यात गडद असायची आणि झोपताना साधी. तेव्हा मी कधी नोंद केली नाही. बाबांसाठी भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज रात्रीचा रंग लिहून ठेवा. ते पान डॉट्स केंद्रात दाखवता येईल.

सुनेत्रा_पॅथलॅब (संध्याकाळी ७:३०)

रात्रीचा आणि पहाटेचा, दोन्ही. आणि पुढची एलएफटी कधी आहे ते लिही मुग्धा.

मुग्धा_लालबाग (संध्याकाळी ७:४१)

गुरुवारी. रिपोर्ट आला की इथेच टाकते.